मेहर: निकाहनाम्यातला एक रकाना आणि तिचा हक्क

रमजानचा शेवटचा अशरा आला की घरोघरी जकातीचा हिशेब सुरू होतो. सोने किती, चांदी किती, दुकानात माल किती, कोणाकडून येणे किती आणि कोणाला देणे किती. गोदाकाठच्या सायखेड्यासारख्या गावात त्यात कांद्याच्या पट्टीची बाकी येते, ट्रॅक्टरचा हप्ता येतो, सोसायटीचे कर्ज येते. या देण्यांच्या यादीत एक देणे मात्र क्वचितच लिहिले जाते. ते असते त्याच घरात राहणाऱ्या बायकोचे, तिच्या मेहरचे.

ईदनंतर शव्वालचा महिना लागेल आणि महिनाभर थांबलेल्या लग्नांच्या तारखा पुन्हा निघतील. म्हणजे येत्या काही आठवड्यांत शेकडो निकाहनामे भरले जातील. मेहरचा रकाना त्या प्रत्येकात असेल. घाईघाईत, मंडपाच्या गोंगाटात, बहुधा दोन मिनिटांत तो भरला जाईल. पुढे कधी वाद उद्भवला, तर न्यायालयात त्या दोन मिनिटांत लिहिलेल्या ओळीचाच कीस पाडला जातो. म्हणून तो रकाना नेमके काय सांगतो, चुकीचा भरला तर काय बिघडते आणि बरोबर भरला असेल तर तिला आपला हक्क कसा मागता येतो, हे मंडप पडण्याआधी समजून घेतलेले बरे.

मेहर म्हणजे काय आणि काय नाही

मेहर ही वधूची किंमत नव्हे आणि तो हुंडाही नव्हे. हुंडा मुलीकडून मुलाकडे जातो. मेहर मुलाकडून मुलीकडे येते. हा फरक भारतीय कायद्यानेही मान्य केला आहे. १९६१ च्या हुंडाबंदी कायद्यात हुंड्याची जी व्याख्या आहे, तिच्यातून मुस्लिमांची मेहर स्पष्ट शब्दांत वगळलेली आहे. कुराणातील सूरह निसाच्या सुरुवातीलाच पतींना बजावले आहे की स्त्रियांची मेहर त्यांना खुशीने द्या. आदेश आहे तो ती स्त्रियांना देण्याचा. तिच्या वडिलांना नाही, भावाला नाही. ती रक्कम तिची एकटीची. ती खर्च करील, साठवील, कोणाला देईल. नवऱ्याला किंवा सासऱ्याला त्यात विचारण्याचा अधिकार नाही.

दुसरा गैरसमज रकमेचा. ‘शरई मेहर साडेबत्तीस रुपये’ असे अनेक घरांत आजही ऐकू येते. कुठे ७८६ रुपये लिहून मोकळे होतात. शरियतने अशी कोणतीही रुपयांतली रक्कम ठरवून दिलेली नाही. नाशिक-खानदेशात बहुसंख्य मुस्लिम हनफी आहेत. हनफी मतानुसार मेहरची किमान मर्यादा १० दिरहम, म्हणजे प्रचलित हिशेबाने सुमारे ३०.६ ग्रॅम चांदी. कोकणातले मुस्लिम प्रामुख्याने शाफई. त्यांच्या मतात किमान मर्यादाच नाही. कमाल मर्यादा कोणाकडेच नाही. ज्याला ‘मेहर-ए-फातिमी’ म्हणतात, ती ५०० दिरहमची मानली जाते आणि भारतातल्या हनफी उलेमांच्या प्रचलित हिशेबाने ती सुमारे १ किलो ५३१ ग्रॅम चांदी होते. म्हणजे ‘आम्ही सुन्नतप्रमाणे साधी मेहर बांधतो’ असे सांगून साडेबत्तीस किंवा ७८६ रुपये लिहिणाऱ्याने आजचा चांदीचा भाव एकदा सराफाला विचारून पाहावा.

निकाहात मेहरचा उल्लेखच झाला नाही, तरी हक्क बुडत नाही. अशा वेळी ‘मेहर-ए-मिस्ल’ लागू होते. तिच्या वडिलांकडच्या स्त्रियांना, म्हणजे बहिणी, आत्या, चुलत बहिणी यांना, त्यांच्या निकाहात जी मेहर बांधली गेली, तिच्या मानाने तिची मेहर ठरते. मेहर ही निकाहाची अट म्हणून लिहिली नाही तरी निकाहाबरोबर आपोआप येणारी जबाबदारी आहे, हे यातून कळते.

एका अक्षराचा घोटाळा

खरी अडचण रकमेपेक्षा मोठी आहे ती शब्दाची. मेहर दोन प्रकारची असते. एक, जी मागताक्षणी द्यायची. दुसरी, जी पुढे ढकललेली असते आणि सहसा तलाकने किंवा मृत्यूने निकाह संपल्यावर द्यावी लागते. बोलीत पहिलीला ‘नकद’ आणि दुसरीला ‘उधार’ म्हणतात. उर्दू निकाहनाम्यात मात्र पहिली ‘मुअज्जल’ आणि दुसरीही ‘मुअज्जल’!

उर्दू लिपीत हे दोन वेगळे शब्द आहेत. नकद मेहरच्या शब्दात मीमनंतर ‘ऐन’ आहे. हे तेच ऐन, जे ‘उजलत’ म्हणजे घाई या शब्दात आहे. उधार मेहरच्या शब्दात मीमनंतर हमजा असलेला ‘वाव’ आहे आणि त्याचे नाते ‘अजल’ म्हणजे ठरलेली मुदत या शब्दाशी आहे. लिहिताना फरक एका अक्षराचा, बोलताना जवळजवळ शून्य. त्यात आपल्या भागातल्या मुली मराठी माध्यमात शिकलेल्या. उर्दू वाचता येणारी पिढी अनेक घरांत आजी-आजोबांबरोबर संपली. वकील मराठी, न्यायाधीश मराठी. निकाहनाम्याचे भाषांतर करून न्यायालयात लावताना भाषांतर करणारा दोन्ही शब्द देवनागरीत ‘मुअज्जल’ असेच लिहितो. काही जण उधार मेहरसाठी ‘मुवज्जल’ लिहितात, पण तोही नियम सर्वत्र पाळला जात नाही. मग पन्नास हजारांची मेहर आज मागता येते की निकाह संपल्यावरच, हा प्रश्न एका ऐन आणि एका वाववर येऊन थांबतो.

प्रकार लिहिलाच नसेल तर काय? मुंबई उच्च न्यायालयाचे जुने धोरण असे की अशा वेळी सगळी मेहर नकद धरायची नाही आणि सगळी उधारही नाही. रिवाज, दोन्ही घरांची परिस्थिती आणि रक्कम पाहून काही भाग नकद, काही भाग उधार ठरवायचा. म्हणजे लिहिण्यातली एक कसर भरून काढायला पुरावे, साक्षी आणि तारखा. हे सगळे टाळण्यासाठी निकाहनाम्यात त्या शब्दाशेजारी साध्या मराठीत ‘मागताक्षणी देय’ किंवा ‘निकाह संपल्यावर देय’ एवढे लिहिले तरी पुरते.

एक उदाहरण, आकड्यांसह

समजण्यासाठी एक कल्पित उदाहरण घेऊ. सायखेड्याच्या एका मुलीचा निकाह २०१६ मध्ये मालेगावच्या मुलाशी झाला. मेहर ५१ हजार रुपये. त्यातले ११ हजार नकद, ४० हजार उधार. नकद रकमेपुढे काझींनी ‘अदा’ असे लिहिले, कारण सासरच्यांनी मंडपात सोन्याची कर्णफुले दिली होती. महिनाभराने ती कर्णफुले ‘सांभाळून ठेवते’ म्हणून सासूने घेतली. दोन मुले झाली. पुढे भांडणे वाढली. मुलगी माहेरी आली आणि वर्षभराने नवऱ्याने तिला तलाक दिला.

आता ती काय करू शकते?

तिच्या हातात सगळ्यात थेट मार्ग आहे तो १९८६ च्या मुस्लिम महिला (घटस्फोटानंतर हक्क संरक्षण) कायद्याचा. शाहबानो प्रकरणानंतर झालेल्या या कायद्याविषयी वाद खूप झाले. पण त्याच्या कलम ३ मध्ये तलाक झालेल्या स्त्रीला चार गोष्टी एकत्र मागता येतात, हे फारसे कोणी सांगत नाही. पहिली, इद्दतीच्या काळात मिळायला हवी अशी वाजवी तरतूद आणि निर्वाह. दुसरी, मुले तिच्याकडे असतील तर त्यांच्या जन्मापासून दोन वर्षांपर्यंतचा खर्च. तिसरी, निकाहाच्या वेळी किंवा नंतर ठरलेल्या मेहरइतकी रक्कम. आणि चौथी, लग्नाआधी, लग्नात किंवा लग्नानंतर तिला नातेवाइकांनी, मित्रांनी, नवऱ्याने किंवा सासरच्यांनी दिलेल्या सगळ्या वस्तू. आपल्या उदाहरणात मुले मोठी आहेत, त्यामुळे दुसरी मागणी लागू नाही. त्यांची पोटगी वेगळ्या कायद्याने मागता येते. बाकीच्या तिन्ही लागू आहेत.

अर्ज कुठे करायचा? नवरा मालेगावचा असला तरी मालेगावला खेटे घालण्याची गरज नाही. तलाक झालेली स्त्री जिथे राहते, तिथल्या प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो. सायखेड्यात माहेरी राहत असेल, तर तिच्यासाठी निफाडचे न्यायालय. अर्ज ती स्वतः करू शकते किंवा तिने अधिकार दिलेली व्यक्ती करू शकते. वकील लावायला पैसे नसतील, तर निफाडच्या न्यायालयातच तालुका विधी सेवा समितीकडे जावे. विधी सेवा प्राधिकरण कायद्यानुसार कोणत्याही स्त्रीला, तिचे उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे. १५१०० हा त्यासाठीचा देशभराचा मदत क्रमांक आहे.

अर्जात काय लिहायचे? चूक इथेच होते. बहुतेक अर्जांत ‘मेहर व सामान मिळावे’ अशी एक ओळ असते. त्याऐवजी हिशेब मांडावा. मेहर ५१ हजार. त्यापैकी ४० हजार उधार, तलाकने देय झाले. ११ हजार नकद, ‘अदा’ लिहिले आहे, परंतु ज्या कर्णफुलांच्या रूपाने ती दिली ती सासूने परत घेतली. मेहर म्हणून दिलेली वस्तू तिची मालकीची झाली. ती परत घेतली तर ती आता कलम ३ मधल्या वस्तूंच्या यादीत जाते. म्हणून नकद मेहर मिळाली नाही असे म्हणण्यापेक्षा ‘माझी कर्णफुले सासरी आहेत, ती किंवा त्यांची आजची किंमत मिळावी’ असे म्हणणे खरेही आहे आणि सिद्ध करायला सोपेही. बाकीचे दागिने, भांडी, कपाट, गादी, फ्रिज यांची यादी वेगळी, शक्य तिथे पावत्या आणि लग्नाचे फोटो जोडून. मंडपातल्या फोटोत कानात दिसणारी कर्णफुले हा साधा पण उपयोगी पुरावा असतो.

दंडाधिकाऱ्यांना खात्री पटली की नवऱ्याकडे पुरेशी ऐपत असून त्याने सबळ कारणाशिवाय पैसे दिले नाहीत, तर ते आदेश देतात. कायदा म्हणतो की हा आदेश अर्जापासून एक महिन्यात व्हावा; उशीर झाला तर कारणे नोंदवावीत. प्रत्यक्षात महिना कितीतरी वेळा उलटतो, पण तारखा लांबत असतील तर वकिलाने या तरतुदीची आठवण करून द्यावी. आदेशानंतरही पैसे आले नाहीत, तर दंड वसूल करतात तशी वसुली होते आणि तरीही रक्कम बाकी राहिली तर एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते.

दुसरा मार्ग दिवाणी दाव्याचा आहे. मेहर हे नवऱ्यावरचे कर्ज आहे, त्यामुळे ते इतर कर्जासारखे वसूल करता येते. या मार्गाला एक फायदा आहे. दंडाधिकाऱ्यांकडे ‘माझी ऐपत नाही’ हा बचाव नवरा घेऊ शकतो. दिवाणी दाव्यात ऐपतीने कर्ज कमी होत नाही. ऐपतीचा प्रश्न वसुलीच्या वेळी येतो. आपल्या राज्यात वैवाहिक वादांतल्या स्त्रियांना न्यायालयीन शुल्कातून माफी देणारी १९९४ ची सरकारी अधिसूचनाही आहे. तिचा लाभ आपल्या दाव्याला मिळेल का, हे दावा दाखल करताना वकिलाला विचारावे.

तीन वर्षांचे घड्याळ

दिवाणी दाव्याला मुदत आहे आणि ती चुकल्याने अनेक हक्क बुडतात. १९६३ च्या मुदत कायद्यानुसार उधार मेहरसाठी तलाक किंवा मृत्यूपासून तीन वर्षे. नकद मेहरसाठी, मागणी केली आणि नकार मिळाला त्या दिवसापासून तीन वर्षे; संसार चालू असताना मागणी केलीच नसेल, तर निकाह संपल्यापासून तीन वर्षे.

याचा एक बारकावा लक्षात ठेवण्याजोगा आहे. संसार चालू असताना सहज म्हणून ‘माझी मेहर द्या’ असे लेखी मागितले आणि नवऱ्याने लेखी नकार दिला, की घड्याळ सुरू होते. त्यानंतर ‘जाऊ द्या, संसार टिकू दे’ म्हणून चार वर्षे गप्प बसले, तर त्या नकद मेहरचा दिवाणी दावा मुदतबाह्य ठरू शकतो. म्हणून लेखी नोटीस पाठवताना पुढच्या पावलाची तयारी ठेवूनच पाठवावी.

संसार चालू असतानाही नकद मेहर मागता येते, हेच अनेकींना ठाऊक नसते. तलाकची वाट पाहायची गरज नाही. नकद मेहर दिली नसेल तर सहजीवन सुरू होण्याआधी पत्नी नवऱ्याबरोबर राहायला नकार देऊ शकते. संसार सुरू झाल्यानंतर नवऱ्याने ‘बायको नांदायला येत नाही’ असा दावा केला, तर न्यायालय नांदायला जाण्याचा आदेश देताना आधी नकद मेहर चुकती करण्याची अट घालू शकते.

‘तिने माफ केली’

मेहरच्या वादात नवऱ्याकडून येणारे सगळ्यात नेहमीचे उत्तर म्हणजे ‘तिने माफ केली’. पत्नी मेहर माफ करू शकते, यात वाद नाही; कुराणानेही खुशीने सोडलेला भाग घेण्याची मुभा दिली आहे. पण भर ‘खुशीने’ या शब्दावर आहे. लग्नाच्या पहिल्या रात्री अनोळखी घरात बसलेल्या मुलीला मेहर माफ करायला सांगणे, किंवा मय्यत घरात असताना विधवेला बायकांनी घेरून ‘माफ कर म्हणजे त्याची सुटका होईल’ म्हणणे, याला खुशी म्हणता येत नाही. नवऱ्याच्या मृत्यूच्या धक्क्यात असलेल्या विधवेने दिलेली माफी तिच्यावर बंधनकारक नाही, असे कलकत्ता उच्च न्यायालयाने १९२० मध्येच म्हटले आहे. माफी झाली हे सिद्ध करण्याची जबाबदारी ती झाल्याचे सांगणाऱ्यावर असते.

विधवेच्या बाबतीत क्रमही समजून घ्यावा. मय्यतीचा खर्च, मग कर्जे, मग वसीयत, मग वारसा. मेहर कर्जात येते. म्हणजे जमीन, दुकान, बँकेतली रक्कम वाटण्याआधी तिची मेहर बाजूला काढायची. त्यानंतर उरलेल्या मालमत्तेतला तिचा वारसा हिस्सा, मुले असतील तर आठवा, नसतील तर चौथा, वेगळा. ‘तिला आठवा हिस्सा दिला, आता मेहर कसली’ हा हिशेब चुकीचा आहे. दोन्ही तिचेच आहेत. मात्र मेहर हे गहाण नसलेले कर्ज आहे. नवऱ्याने आधी बँकेकडे जमीन तारण ठेवली असेल, तर त्या जमिनीवर बँक पुढे. विधवा नवऱ्याच्या मालमत्तेवर कायदेशीर रीतीने ताबा ठेवून असेल, तर मेहर मिळेपर्यंत ती ताबा राखू शकते. ती विकू मात्र शकत नाही.

खुलाच्या कागदावरची सही

गेल्या काही वर्षांत एक वेगळाच प्रकार वाढलेला दिसतो. नवऱ्याला सोडायचे असते, पण तलाक दिला तर मेहर आणि तरतूद द्यावी लागेल. मग बायकोला इतका त्रास द्यायचा की तिनेच ‘खुला’ मागावा. स्टँप पेपरवर मजकूर तयार असतो: ‘मी माझ्या मर्जीने खुला घेत आहे, मेहर, इद्दतीचा खर्च व सामान यांवर माझा हक्क नाही.’ पंच बसलेले असतात, वडील थकलेले असतात, सही होते.

खुलामध्ये पत्नी मोबदला म्हणून मेहर सोडू शकते, हे खरे. पण मेहर सोडलीच पाहिजे असा नियम नाही. तो वाटाघाटीचा विषय आहे. आणि दोष नवऱ्याचा असेल, तर खुला हा एकमेव रस्ताही नाही. १९३९ च्या मुस्लिम विवाह विच्छेद कायद्यानुसार, नवऱ्याने दोन वर्षे निर्वाह केला नाही, चार वर्षे तो बेपत्ता आहे, तो क्रूरपणे वागतो, अशा कारणांवर पत्नी न्यायालयातून निकाह रद्द करून घेऊ शकते. त्याच कायद्याचे कलम ५ सांगते की अशा विच्छेदाने तिच्या मेहरच्या हक्काला बाधा येत नाही. दोन्ही मार्गांनी ती मोकळी होते. एका मार्गात मेहर जाते, दुसऱ्यात राहते. स्टँप पेपरवर सही करण्यापूर्वी एवढा एक फरक तिला कोणीतरी सांगायला हवा. दारुल कझा किंवा जमातीची बैठक समेट घडवू शकते, पण तिच्या निर्णयाला न्यायालयीन आदेशाचे बळ नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये स्पष्ट केले आहे. तिथे गेल्याने न्यायालयाचे दार बंद होत नाही.

२०१९ च्या कायद्याने आणखी एक गुंता आणला आहे. एका दमात दिलेला तीन तलाक रद्दबातल आहे आणि गुन्हाही. त्यामुळे नवऱ्याने फोनवर तीनदा तलाक म्हटले असेल, तर कायद्याच्या दृष्टीने निकाह कायम आहे. मग ‘तलाक झालेली स्त्री’ म्हणून १९८६ च्या कायद्याखाली अर्ज केला, तर समोरचा वकील म्हणू शकतो की तलाकच झालेला नाही. अशा वेळी पत्नी म्हणून निर्वाह आणि नकद मेहर मागावी, उधार मेहरसाठी निकाह रीतसर संपवण्याचा मार्ग धरावा. आपल्या उदाहरणातल्या मुलीनेही अर्ज लिहिण्याआधी नवऱ्याचा तलाक कोणत्या पद्धतीने आला, ते कागद वकिलाला दाखवणे गरजेचे आहे. अर्जाचे पहिलेच वाक्य त्यावर अवलंबून आहे.

मेहर आणि पोटगी वेगळ्या

‘मेहर दिली, आता पोटगी कसली’ हा बचाव जुना आहे. मुंबईच्या एका महिलेला नवऱ्याने तलाकच्या वेळी ५ हजार रुपये मेहर आणि १८० रुपये इद्दतीचे दिले होते आणि त्यावर पोटगी नाकारली जात होती. १९७९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो बचाव फेटाळला; तुटपुंज्या रकमेने जगण्याची सोय होत नाही, असा त्याचा मथितार्थ. जुलै २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा स्पष्ट केले की तलाक झालेली मुस्लिम स्त्री सर्वांसाठी असलेल्या पोटगीच्या तरतुदीखालीही, म्हणजे जुन्या कलम १२५ खाली, अर्ज करू शकते. नव्या नागरिक सुरक्षा संहितेत ती तरतूद कलम १४४ मध्ये आहे. मेहर हा निकाहामुळे आलेला हक्क आहे, पोटगी ही जगण्याची गरज. एक दुसऱ्याला खात नाही.

उलट बाजूही तितकीच खरी. मेहर कितीही मोठी लिहिली, तरी तिच्यावर आयुष्य निघेल असे नाही. आपल्या उदाहरणातले ५१ हजार २०१६ मध्ये सुमारे १७ ग्रॅम सोन्याइतके होते, कारण तेव्हा दहा ग्रॅमचा भाव तीस हजारांच्या आसपास होता. आज भाव लाखापुढे गेल्यावर त्याच ५१ हजारांत पाच ग्रॅम सोनेही मुश्किलीने येते. नवऱ्याने दहा वर्षे मेहर थकवली, यात त्याचा फायदाच झाला. उधार मेहर रुपयांत लिहिण्याचा तोटा हा असा. सोन्याच्या किंवा चांदीच्या वजनात लिहिली, तर थकवणाऱ्याला महागाईचा लाभ मिळत नाही.

मंडपात भरायच्या चार ओळी

म्हणून शव्वालमध्ये ज्यांच्या घरी निकाह आहे, त्यांनी मेहरच्या रकान्याकडे आधीच, तारीख ठरवतानाच, लक्ष द्यावे. रक्कम किंवा वजन अंकात आणि अक्षरात लिहावे. नकद किती, उधार किती, हे उर्दूबरोबर मराठीतही लिहावे: ‘मागताक्षणी देय’, ‘निकाह संपल्यावर देय’. ‘अदा’ लिहायचे असेल तर खरोखर मुलीच्या हातात किंवा तिच्या खात्यात काय गेले ते लिहावे. दागिना असेल तर वजन आणि ‘वधूच्या मालकीचा’ हे दोन शब्द. आणि निकाहनाम्याची एक प्रत, काझींच्या शिक्क्यासह, वधूच्या स्वतःच्या हातात द्यावी. ती वडिलांच्या कपाटात नको आणि सासऱ्याच्या तर नकोच.

ग्रामपंचायतीत विवाह नोंदणी करणेही आवश्यक आहे. पण तो दाखला लग्न झाल्याचा पुरावा आहे. मेहर किती आणि कशी, हे सांगणारा कागद निकाहनामाच. ज्यांचा निकाह जुना आहे आणि प्रत हरवली आहे, त्यांनी काझींच्या नोंदवहीतून नक्कल काढून ठेवावी. काझी बदलतात, वह्या भिजतात. गोदावरीचे पाणी गावात शिरते तेव्हा कोणाच्या घरातले काय वाचेल, हे सायखेड्यात कोणी सांगायला नको. मोबाइलमध्ये एक फोटो काढून माहेरच्या कोणाला पाठवून ठेवणे, हाही एक उपाय आहे.

आणि ज्यांनी मेहर अजून दिलेली नाही, त्या नवऱ्यांनी या वर्षीच्या हिशेबात एक ओळ वाढवावी. रक्कम, प्रकार आणि कधी देणार. दिल्यावर तारीख टाकून बायकोची सही घ्यावी, जशी सोसायटीच्या कर्जाची पावती घेतो तशी. कर्ज फेडल्याचा पुरावा दोघांच्याही कामाचा असतो.